"काही होत नाही" म्हणणाऱ्यांसाठी

मावशीचं व्हॉट्सॲप आज बंद पडलं. स्क्रीनवर तात्पुरत्या बंदीची सूचना आणि खाली उलटं चालणारं घड्याळ. शिकवणीचा नंबर वेगळा, घरचा वेगळा, एवढंच हवं होतं तिला. ओळखीतल्या एका हुशार मुलाने लिंकवरून कुठलंसं क्लोन ॲप टाकून दिलं आणि वर म्हणाला, "काही होत नाही हो."

होतं! मूळ ॲप फोडून, त्यात फेरफार करून अशी ॲप्स बनवतात. मूळ ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. फेरफार केला की ती सही टिकत नाही आणि असं ॲप पकडलं जाऊ शकतं. मग आधी तात्पुरती बंदी, तरी वापरत राहिलात तर कायमची. शिवाय मावशीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांचे सगळे मेसेज कुणा अनोळखी माणसाच्या ॲपमधून जात होते, त्याचं काय?

फोनच्या सेटिंगमध्ये कंपनीनेच दिलेलं ड्युअल ॲप मात्र वेगळं, हे मान्य. ते मूळ ॲपच दुसऱ्या कप्प्यात चालवतं. फक्त ते बटण बंद केलं की त्या कप्प्यातल्या चॅट जातात, हे कुणी सांगत नाही.

आणि आता या खटाटोपाची गरजच उरलेली नाही, याचाच जास्त राग येतो. २०२३ पासून अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती चालतात. सेटिंग्जमध्ये आपल्या नावाशेजारच्या बाणावर टॅप करा, 'खातं जोडा' निवडा, दुसरा नंबर टाका, त्यावर आलेला ओटीपी द्या. झालं. नाहीतर दुसऱ्या नंबरसाठी अधिकृत बिझनेस ॲप आहे. शिकवणीला तर तेच बरं.

मावशीला मी आधी शांत केलं. घड्याळ संपेपर्यंत पुनःपुन्हा ओटीपी मागवायचा नाही. ते संपलं की क्लोनमध्येच सेटिंग्जमधून चॅटचा बॅकअप घ्यायचा, मग क्लोन काढून प्ले स्टोअरवरून मूळ ॲप घ्यायचं आणि तोच नंबर टाकायचा. जुन्या चॅट येतीलच असं नाही. हे सांगताना मलाच वाईट वाटलं, तिच्या नातीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्यातच आहेत. फोटो गॅलरीत उतरवलेत का, ते उद्या बसून बघणार आहे.

त्या मुलाची बाजूही सांगते, त्याचा हेतू वाईट नव्हता. पण ब्लू टिक लपवता येते म्हणून दुसऱ्याच्या फोनमध्ये असलं काही टाकायचं नसतं रे!

ज्यांचे दोन नंबर आहेत त्यांनी दोन्ही खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. आणि दुसरं सिम रिचार्जविना मरू देऊ नका. फोन बदलला की ओटीपी त्याच नंबरवर येणार.