हायड्रोजन वाढला म्हणजे ट्रान्स फॅट वाढले, असे नाही

दावा असा फिरतो आहे: “तेलात हायड्रोजन कोंबला की त्याचे ट्रान्स फॅट होते. जितका जास्त हायड्रोजन, तितके जास्त ट्रान्स फॅट. ते शरीराच्या तापमानाला वितळत नाही, म्हणून मेणासारखे रक्तवाहिन्यांत साचते.”

पहिल्या विधानापासून सुरुवात करू, कारण खरी गफलत तिथेच आहे. वनस्पती तेलांत मुबलक आढळणारे ओलेइक आम्ल घ्या. त्याची साखळी अठरा कार्बन अणूंची असून नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. या बंधावरचे दोन्ही हायड्रोजन अणू एकाच बाजूला असतात. या रचनेला ‘सिस’ म्हणतात आणि तिच्यामुळे साखळीला मध्येच बाक येतो. हेच दोन अणू परस्परविरुद्ध बाजूंना गेले की ‘ट्रान्स’ रचनेचे इलेडिक आम्ल तयार होते. दोन्हींचे रेणुसूत्र C₁₈H₃₄O₂ हेच आहे. म्हणजे ट्रान्स झालेल्या रेणूत एकही हायड्रोजन वाढलेला नसतो.

मग हा बदल घडतो कसा? तेल साधारण 150 ते 200 अंश सेल्सिअसला तापवून, निकेलच्या बारीक भुकटीच्या सान्निध्यात, दाबाखालील हायड्रोजन वायूबरोबर घुसळले जाते. दुहेरी बंध निकेलच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि त्यातील एका कार्बनला एक हायड्रोजन अणू जोडला जातो. या अर्धवट अवस्थेत तिथे दुहेरी बंध उरलेला नसतो, त्यामुळे साखळी त्या जागी मोकळेपणाने फिरू शकते. दुसरा अणू लगेच मिळाला तर रेणू संपृक्त होतो, म्हणजे तिथे दुहेरी बंध उरत नाही, आणि विषय संपतो. तो मिळाला नाही, तर रेणू एक हायड्रोजन अणू परत करून पृष्ठभागावरून सुटतो आणि दुहेरी बंध पुन्हा तयार होतो. कधी मूळ जागी, कधी शेजारच्या कार्बनवर सरकून. मात्र तोवर साखळी फिरलेली असू शकते, आणि सरळ ट्रान्स रचना अधिक स्थिर असल्यामुळे तसे रेणू मोठ्या संख्येने बनतात.

म्हणून निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनची टंचाई असताना, म्हणजे तापमान जास्त, दाब कमी आणि घुसळण मंद असताना, ट्रान्स फॅट अधिक तयार होते. उलट तेलाचे पूर्ण हायड्रोजनीकरण केले तर दुहेरी बंधच जवळजवळ उरत नाहीत, आणि बंध नाही तिथे सिस-ट्रान्स हा भेदही उरत नाही. दाव्यातले दुसरे विधान इथेच कोसळते. वेष्टनावर ‘अंशतः’ लिहिले आहे की ‘पूर्णतः’, हे वाचणे त्यामुळेच महत्त्वाचे आहे. हायड्रोजन अजिबात न वापरताही, तेल शुद्ध करताना वास काढण्यासाठी ते फार तापवले तर थोडे ट्रान्स फॅट तयार होतेच.

आता वितळण्याकडे वळू. ओलेइक आम्ल सुमारे 13 अंशांना वितळते, इलेडिक आम्ल सुमारे 44 अंशांना आणि त्याच लांबीचे संपृक्त स्टिअरिक आम्ल सुमारे 69 अंशांना. बाक असलेल्या साखळ्या एकमेकींना खेटून बसत नाहीत, म्हणून त्यांच्यातील आकर्षण थोड्या उष्णतेनेही मोडते. सरळ साखळ्या दाट रचल्या जातात आणि त्यांना सोडवायला जास्त उष्णता लागते. हायड्रोजनचे प्रमाण तेच असताना केवळ आकारामुळे सुमारे तीस अंशांचा फरक पडतो, हे मला या रसायनशास्त्रातले सर्वांत लक्षणीय सत्य वाटते. यामुळे दुहेरी बंधांची संख्या मोजणारा आयोडीन अंक दोन नमुन्यांत सारखा येऊनही एक मऊ आणि दुसरा घट्ट असू शकतो. कारण तो अंक बंध मोजतो, बंधाची दिशा पाहत नाही. ट्रान्स बंध ओळखायचा तर अवरक्त वर्णपटात 966 cm⁻¹ च्या आसपासचे शोषण पाहावे लागते.

राहिला रक्तवाहिन्यांत साचण्याचा मुद्दा. खाल्लेली चरबी गोळ्याच्या रूपात रक्तात उतरत नाही. पित्तरसामुळे तिचे सूक्ष्म थेंब होतात, लायपेज विकर तिचे तुकडे करते आणि आतड्याच्या पेशींतून पुढे ती प्रथिनांच्या वेष्टनात वाहून नेली जाते. द्रवणांकच घातक असता, तर 69 अंशांचे स्टिअरिक आम्ल ट्रान्स फॅटहून वाईट ठरले असते. प्रत्यक्षात त्याचा एलडीएलवर, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलवर, फारसा परिणाम होत नाही. ट्रान्स फॅट मात्र एलडीएल वाढवते आणि ‘चांगले’ म्हटले जाणारे एचडीएल घटवते. 1990 साली मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी माणसांवरील आहार-प्रयोगात हे दाखवले. ट्रान्स फॅट टाळलेच पाहिजे, पण ते रक्तातील कोलेस्टेरॉलवर होणाऱ्या या परिणामामुळे. ते मेणासारखे गोठते म्हणून नव्हे.