फुकट गेम घ्या की, पण बटणावर काय लिहिलंय ते आधी वाचा

आमच्या बेळगावातल्या पोरांच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणतरी लिंक टाकतंय, "गेम फ्री हाय, लवकर घ्या". घ्या की, मी पण घेतो. एपिक या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात गुरुवारी रात्री साडेआठला, थंडीत अमेरिकेचं घड्याळ बदललं की साडेनऊला, नवीन गेम येतो. Get दाबायचं, बिल शून्य दिसतंय, Place Order दाबलं की गेम लायब्ररीत कायमचा. कार्ड नाही, यूपीआय नाही. तुम्हाला कुठं कार्ड नंबर मागितला तर तो फुकट गेम नव्हे, बहुतेक कुठल्यातरी मेंबरशिपची ट्रायल असतेय, महिना संपला की पैसे कापायला सुरू.

स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात जरा गल्लत होतेय. तिथं Free to keep लिहून Add to Account बटण असलं तर गेम तुमचाच. पण Free Weekend असलं तर दोन-चार दिवस खेळायचं, मग कुलूप. खानापूरचा आमचा मामेभाऊ शनिवारभर मोबाईल डेटा जाळून असला गेम उतरवत बसला, रविवारी रात्री खेळायला घेतला आणि झोपायच्या आत मुदत संपली. आता म्हणतोय फसवलं. अरे बाबा, तारीख तिथंच लिहिली होती की!

आणि घेणं म्हणजे डाउनलोड करणं नव्हे, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. मे २०२० मध्ये एपिकनं जीटीए ५ फुकट दिला तेव्हा एवढी गर्दी झाली की साइटच बसली. गेम नव्वद जीबीच्या वर, म्हणजे रोज दीड जीबीच्या प्लॅनवर दोन महिने तेच. पण त्या आठवड्यात नुसता लायब्ररीत घालून ठेवला आणि घरी फायबर आल्यावर उतरवला तरी चालत होतं. मोबाईलच्या ब्राउझरवरून पण घेता येतोय, पीसी नसला तरी.

आता खरी मेख. गेम फुकट देऊन कंपनीला मिळतंय काय? जीटीए ५ च्या ऑनलाइन भागात गाड्या, बंगले सगळं गेममधल्या पैशात, ते कमवायला तासन्‌तास जातात, नाहीतर गेममधले पैसे देणारं शार्क कार्ड खऱ्या पैशात घ्या. म्हणजे कंटाळा घालवायचेच पैसे. जे गेम कायमच फ्री-टू-प्ले असतात त्यांचा तर सगळा धंदाच त्यावर. समजा गेममधल्या पात्राचा कपडा ८०० नाण्यांना, आणि नाण्यांचे पॅक मिळतात ५०० किंवा १००० चे. तुम्ही हजारचा घेणार, दोनशे उरणार, त्या दोनशेत काहीच येत नाही, मग परत पॅक. म्हणून मी नाण्यांचा भाव बघत नाही, तो कपडा किती रुपयांना पडला ते बघतो, आणि उरलेली नाणी गेली असंच धरतो. असा हिशोब घातला की निम्म्या वेळेला विकत घ्यायची इच्छाच मरतेय.

त्यापेक्षा एकट्यानं खेळायचे, गोष्ट असलेले जुने गेम फुकट आले की सोडू नका, त्यात दुकान नसतंय बहुतेक. मात्र बेस गेम फुकट आणि पुढचे भाग विकत असं पण चालतंय, तेव्हा पेजवर खालपर्यंत जाऊन डीएलसीची, म्हणजे त्या विकतच्या भागांची, यादी बघून घ्या.