उजव्या बाजूचा अक्ष आणि सोयाबीन

«एक्सेलमध्ये पाऊस आणि उत्पादन एकाच चार्टवर घ्या, उत्पादनाला सेकंडरी अ‍ॅक्सिस द्या. स्केल एक्सेल आपोआप लावतं. दोन्ही सोबत वरखाली झाले की पावसाचा परिणाम सिद्ध.»

या सल्ल्यातला दुसरा अक्ष लागतोच, यात वाद नाही. पाऊस शेकडो मिलिमीटर आणि उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पादन, दहा क्विंटलच्या आसपास. एकाच अक्षावर उतारा तळाशी चिकटून बसतो. उताऱ्याच्या रेषेवर राइट-क्लिक करून Format Data Series मध्ये Secondary Axis निवडलं की काम झालं. खोट पुढे आहे.

समजावायला पाच वर्षांचे सोयाबीनचे आकडे मनानेच घेतो. पाऊस ७२०, ६५०, ८००, ९५०, ८८० मिमी. उतारा हेक्टरी ९.६, ९.०, १०.२, ९.१, ९.९ क्विंटल.

आता स्केल. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या भागापेक्षा कमी असला, की एक्सेल अक्ष शून्यापासून सुरू करत नाही. पावसाचा डावा अक्ष शून्यापासून निघतो, उताऱ्याचा उजवा ८.४ च्या आसपास. मग ९.० तळापासून ०.६ वर दिसतो आणि १०.२ थेट १.८ वर, म्हणजे तिप्पट. शेतात फरक आहे सव्वा क्विंटलहून कमी. उजव्या अक्षावर डबल-क्लिक करून Minimum मध्ये 0 टाका, रेषा जवळपास आडवी होईल. आकडे तेच, गोष्ट दुसरी. दोन रेषा कुठे एकमेकींना छेदतात यालाही अर्थ नाही; मिमी आणि क्विंटल यांची शर्यत लागत नसते.

राहिलं «सिद्ध». पहिली तीनच वर्षं घेतली तर खाली-वर अगदी हातात हात घालून होतं, सहसंबंध ०.९९९. पाऊस B स्तंभात आणि उतारा C स्तंभात ठेवून पाचही वर्षं घेऊन बघा:

```
=CORREL(B2:B6,C2:C6)
```

उत्तर ०.१६. मग संबंधच नाही? तेही नाही! पाऊस आडव्या आणि उतारा उभ्या अक्षावर घेऊन Scatter काढा. ८०० मिमीपर्यंत ठिपके चढतात, पुढे उतरतात; टेकडी दिसते. CORREL सरळ रेषा शोधतं, टेकडी त्याला दिसत नाही. आणि वर्षांच्या ओळीत मांडलेल्या दुहेरी अक्षावर ती आपल्यालाही दिसत नाही.

अशी टेकडी सोयाबीन पिकवणाऱ्याला नवी नाही. शेंगा भरताना पावसाने उघडीप दिली तर दाणा बारीक राहतो, काढणीच्या तोंडावर झड लागली तर शेंगेतच कोंब फुटतात. एकूण मिलिमीटर दोन्ही वर्षी सारखेच असू शकतात. म्हणून मी पाऊस महिन्यावार घेतो, तोही पेरणी ते काढणी एवढाच. उत्पादन हेक्टरी घेतो, कारण एकूण टन पेरा वाढल्यानेही वाढतात.

अहवालात दोन्ही एकत्र दाखवायचेच असतील तर एकाखाली एक दोन चार्ट ठेवा, वर्षांचा आडवा अक्ष सारखा.