त्रेचाळीस फोटो आणि एक अंगठा

चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटचा इंटरव्ह्यू होता, म्हणून मित्राकडे क्वेश्चन बँक मागितली. त्याने व्हॉट्सॲपवर धडाधड 43 फोटो टाकले, अर्धे आडवे, पान सतरा दोनदा, पान अठरा गायब, आणि बहुतेक पानांवर खाली डाव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा. "स्टँडिंग एक्सपेन्सेस म्हणजे काय?" या प्रश्नावर माझा अर्धा तास गेला, मग कळलं की 'आऊट' अंगठ्याखाली आहे. आऊटस्टँडिंग! पगार मार्चचा, द्यायचा एप्रिलमध्ये, तो मार्चच्याच खर्चात धरायचा, एवढंच होतं ते.

बरं, क्वेश्चन बँक जुनी. व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्सवर अख्खं पान, म्हणजे 1 जुलै 2017 च्या आधीची, तेव्हापासून जीएसटी आहे ना. पूर्ण पान गाळणार होतो, पण पेट्रोल-डिझेलवर अजून व्हॅटच आहे, म्हणून एक ओळ ठेवली.

आधी मी विषयवार गट पाडले, झाले चौदा. आई म्हणाली, "अरे एवढे तर आपल्याकडे मसाल्याचे डबे पण नाहीत." मग डोकं चाललं, प्रश्न कसा विचारलाय ते सोडून उत्तर एकच असेल ते सगळे एका गटात टाकायचे. "बीआरएस का करतात", "पासबुक आणि कॅशबुक जुळत नाही, काय कराल", "चेक दिला पण वटला नाही तर", तिन्हींचं उत्तर एकच, बँकेची आणि आपली शिल्लक जुळवायचा तक्ता, म्हणजे बीआरएस! चौदाचे पाच गट झाले.

आणि उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचं नाही, पाठ केलेलं वाक्य मध्येच तुटलं की माणूस आरतीचं कडवं विसरल्यासारखा तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. तीन मुद्दे आणि एक आकड्यांचं उदाहरण, बास. बीआरएससाठी मी लिहिलं: कॅशबुकला शिल्लक 43,000. आपण दिलेला 5,000 चा चेक समोरच्याने अजून भरलाच नाही, म्हणून बँकेकडे तेवढे जास्त. बँकेने 118 चार्जेस कापले, ते आपण लिहिले नाहीत, म्हणून तेवढे कमी. पासबुक 47,882. जुळलं!

इंटरव्ह्यूत नेमकं हेच विचारलं. मी घडाघडा बोललो, म्हटलं 118 बँक चार्जेसला डेबिट. साहेबांनी चष्मा खाली केला. "एकशे अठराच का हो?"

"शंभर चार्जेस, अठरा जीएसटी, सर."

"मग त्या अठराचं क्रेडिट कंपनीला नको का?"

मी गप्प. म्हणजे चार्जेसला शंभर, आणि अठरा इनपुट जीएसटीला, म्हणजे कंपनीने भरायच्या जीएसटीतून वजा, तेही बँकेला आपला जीएसटी नंबर दिलेला असेल आणि तो टॅक्स जीएसटी पोर्टलवरच्या टूबी स्टेटमेंटमध्ये दिसत असेल तर. हे सगळं मला चाकणहून परत येताना पीएमपीच्या बसमध्ये आठवलं, उभ्या उभ्या, आणि तिथेच कागद काढून चौथा मुद्दा लिहिला.