रात्रीचा आवाज आणि बायसचा प्रीसेट

अँप्लिफायर खराब झाला की तो मोठ्या आवाजात फाटतो असा सगळ्यांचा समज असतो, आमचा मात्र हळू आवाजात फाटायचा. दुपारी व्हॉल्यूम चढवून लावा, एकदम मख्खन. रात्री साडेदहानंतर, म्हणजे आतून "अहो, जरा कमी करा" अशी ऑर्डर आल्यावर, कमी केला की तानपुऱ्याला घसा बसल्यासारखी खरखर आणि गाणाऱ्याच्या प्रत्येक 'स'ला वाळू लागलेली. वाढवला तर चांगलं वाजतं पण बायको उठते, कमी केला तर बायको झोपते पण गाणं ऐकवत नाही. मुलाचं म्हणणं, "बाबा, स्पीकर गेलाय, ब्लूटूथवाला घ्या." स्पीकर डावे-उजवे बदलून पाहिले तर खरखर स्पीकरबरोबर न जाता त्याच चॅनलला चिकटून राहिली. मग फोनवरून 100 हर्ट्झचा साधा सूर हळू आवाजात वाजवला, तो गुळगुळीत 'हूं' यायला हवा, आला माशी घोंगावल्यासारखा. ही क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनची घरगुती परीक्षा.

आता आतली भानगड. आउटपुटला ट्रान्झिस्टरची जोडी असते, एक एनपीएन, एक पीएनपी. सिग्नल शून्याच्या वर गेला की पहिला ढकलतो, खाली गेला की दुसरा ओढतो. बँकेच्या खिडकीवर दोन शिफ्ट असाव्यात तसं समजा. पहिल्याची वेळ संपली की तो डबा उचलून चालू पडतो, दुसरा अजून छत्री कुठे ठेवायची ते बघतोय, मधे खिडकी रिकामी. कारण सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला बेस आणि एमिटरमधे 0.6 व्होल्टच्या आसपास मिळेपर्यंत तो हालतच नाही. म्हणजे शून्याच्या खाली-वर 0.6 व्होल्टच्या पट्ट्यात दोघंही झोपलेले, आणि वेव्ह जेव्हा जेव्हा शून्य ओलांडते तेव्हा तिथे एक खाच पडते.

हळू आवाजातच का, तर ती खाच आवाजाप्रमाणे लहान-मोठी होत नाही, तेवढीच राहते. रात्री मी ऐकतो तेव्हा 8 ओहमच्या स्पीकरला फार तर 50 मिलिवॅट जात असतील, म्हणजे वेव्हचं टोक जेमतेम 0.9 व्होल्ट. दुपारी 20 वॅटवर तेच टोक 18 व्होल्टच्या जवळ, तिथे 0.6 ची खाच कोण विचारतो, पण 0.9 मधून 0.6 गेले तर उरलं काय? तरी काहीतरी ऐकू येतं ते फीडबॅकच्या कृपेने, तो चूक पाहून आउटपुटच्या आधीच्या स्टेजला झटकन उडी मारायला लावतो. पण उडीला वेळ लागतो, आणि वरच्या फ्रीक्वेन्सीला फीडबॅकचा जोर कमी पडत जातो, म्हणून सगळ्यात जास्त हाल 'स'चे आणि झांजांचे.

यावर उपाय म्हणजे बायस. दोन्ही बेसमधे कायमचं एवढं व्होल्टेज ठेवायचं की गाणं नसतानाही दोघांमधून थोडा करंट वाहत राहील, म्हणजे दुसरा खिडकीवर येऊन बसल्याशिवाय पहिला उठणार नाही, दोघांना ओव्हरटाइम द्यायचा. हाच क्लास एबी. एबीतही ही खाच पडते ती हा ओव्हरटाइम कमी पडला की, आणि पुरेसा दिला तरी हस्तांतर शंभर टक्के गुळगुळीत होत नाही, थोडी सुरकुती राहतेच.

आमच्या अँप्लिफायरमधे हे काम एक छोटा ट्रान्झिस्टर आणि एक प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवून लावायचा रेझिस्टर, असे दोघं करतात. झाकण उघडून मल्टीमीटर एमिटरच्या 0.22 ओहमच्या रेझिस्टरवर लावला. शाबूत चॅनलवर 22 मिलिव्होल्ट, म्हणजे 100 मिलिअँपिअर, आणि रडणाऱ्या चॅनलवर अर्धा मिलिव्होल्टसुद्धा नाही. म्हणजे एबीची पाटी लावून आत क्लास बीचं, बिनओव्हरटाइमचं, दुकान! गेल्या वर्षी याच चॅनलचे आउटपुट ट्रान्झिस्टर एका रिपेअरवाल्याने बदलले होते, त्याला फोन केला तर म्हणे, "काका, गरम होत होता ना, म्हणून प्रीसेट कमी करून दिला. वाजतोय ना?" वाजतोय खरा.

पण गरम का होत होता हे त्याने बघितलंच नव्हतं. तो बायसचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला स्क्रूने घट्ट बसलेला हवा, इथे तो हवेत लोंबकळत होता. ट्रान्झिस्टर तापला की दर डिग्रीला त्याची 0.6 ची गरज 2 मिलिव्होल्टने उतरते. बायस तेवढाच राहिला तर करंट वाढतो, करंटने तो आणखी तापतो, तापला की आणखी करंट, आणि शेवटी धूर. छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकवर असला तर तोही सोबत तापतो आणि बायस आपोआप खाली आणतो. हवेत लोंबणाऱ्याला या कशाचा पत्ताच नाही.

पुण्यात पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन मायका वॉशर आणि हीटसिंक पेस्ट आणली, छोट्या ट्रान्झिस्टरला जागेवर बसवला. मग स्पीकर काढून, इनपुट शॉर्ट करून, मेनला सिरीजमधे 100 वॅटचा जुना बल्ब लावून चालू केला, काही चुकलंच तर बल्ब पेटेल, ट्रान्झिस्टर वाचतील. बल्ब मंद झाल्यावर तो काढला आणि मीटरकडे बघत प्रीसेट अगदी केसभर केसभर फिरवला. तेवढ्यात मागून "अहो, चहा घेताय ना?" आलं. मीटरची टोकं रेझिस्टरवर धरलेली असताना दचकू नये, टोक घसरून शेजारच्या पायाला लागलं तर नव्या ट्रान्झिस्टरची जोडी गेलीच.

22 वर आणला, वीस मिनिटं तापू दिला, तोवर आकडा चढून 25 झाला, परत 22 वर ओढला. जास्त ठेवला तर अजून गोड वाजेल असं मुलाला वाटलं. नाही. पुस्तकी आकडा प्रत्येक रेझिस्टरवर 26 मिलिव्होल्टचा आहे, ट्रान्झिस्टरच्या पोटातला थोडा रेझिस्टन्स धरला तर प्रत्यक्षात त्याहून कमीच ठेवावा लागतो. त्यापुढे गेलं की हळू आवाजात दोघं मिळून काम उरकतात आणि मोठ्या आवाजात एकटाच, म्हणजे वेव्हच्या मधल्या भागाला गेन वेगळा आणि टोकांना वेगळा, डिस्टॉर्शन दुसऱ्या दाराने परत हजर.

100 मिलिअँपिअरवर दोघं मिळून टोकाला 200 मिलिअँपिअरपर्यंत एकत्र खेचतात, 8 ओहमवर ते 160 मिलिवॅट होतात. माझे रात्रीचे 50 त्याच्या आतच, म्हणजे साडेदहानंतर कुणीच खिडकी सोडून जात नाही. यमनचा आलाप लावला, व्हॉल्यूम तळाला, तानपुरा स्वच्छ.

आता नवी तक्रार. "काही वाजत नसताना हा गरम का होतो?" म्हटलं, अगं, सप्लायचे 30 अधिक 30, साठ व्होल्ट, गुणिले 0.1 अँपिअर, सहा वॅट, दोन चॅनलचे बारा, तो बायसचा खर्च आहे. "म्हणजे गप्प बसायचे बारा वॅट?" म्हटलं, देवघरातला झिरोचा बल्ब पंधरा वॅटचा असतो. तिने देवघराकडे पाहिलं, मग अँप्लिफायरकडे, आणि म्हणाली, "तो बंद पडला तर हा कामाला येईल."