आम्ही व्हॉल्व्ह नाही, विश्वास बनवतो

आमच्या कंपनीत ट्रेनी इंजिनिअर टिकत नाहीत. येतात, दोन-तीन महिने राहतात आणि मग एका सोमवारी येतच नाहीत. एचआर या नात्याने त्यांना फोन करायचं काम माझं. फोनवर सगळे कमालीचे नम्र असतात आणि सगळ्यांचं उत्तर एकच असतं: "सर, मला वाटलं होतं काहीतरी वेगळं असेल."

त्यांना असं का वाटलं होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. त्याला कारण आमची भरतीची फिल्म.

फिल्मच्या सुरुवातीला ड्रोनमधून बडोद्याची मकरपुरा जीआयडीसी ही औद्योगिक वसाहत दिसते. त्यात आमची शेड कोणती, हे शेठनासुद्धा फिल्म थांबवून शोधावं लागतं. मग एका लॅपटॉपभोवती जमून हसणारी चार माणसं. (आमच्याकडे लॅपटॉपवर हसण्यासारखं एकच येतं, इन्क्रिमेंटचं पत्र.) मग मावळता सूर्य, बासरी आणि एक भारदस्त आवाज: "आम्ही फक्त व्हॉल्व्ह बनवत नाही, आम्ही विश्वास बनवतो. इथे प्रत्येक दिवस एक नवं आव्हान. आम्ही एक कंपनी नाही, एक परिवार आहोत." व्हॉल्व्ह संपूर्ण फिल्ममध्ये एकदाच दिसतो, तोही धूसर, कारण कॅमेऱ्याचा फोकस पुढच्या कुंडीवर आहे.

स्क्रिप्ट शेठच्या भाचीने लिहिलं होतं. त्यामुळे ते बदलणं हे लिहिण्याचं काम कमी आणि सोयरिकीचं जास्त होतं. मी एक युक्ती केली. शेठच्या केबिनमध्ये जाऊन स्क्रिप्ट मोठ्याने वाचलं, फक्त व्हॉल्व्हच्या जागी पापड घातला. "आम्ही फक्त पापड बनवत नाही, आम्ही विश्वास बनवतो." शेठ डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "सारुं लागे छे. कोनुं छे?"

भरतीचं कुठलंही स्क्रिप्ट तपासायची माझ्या मते ही एकच खात्रीची रीत आहे. समोरच्या कंपनीचं नाव घालून वाचायचं. वाक्य तरीही खरं राहिलं, तर ते आपल्याबद्दल काहीच सांगत नाही, खोडून टाकायचं. आमच्या स्क्रिप्टमध्ये या परीक्षेनंतर पत्ता आणि फोन नंबर उरला.

मग मी माणसांना विचारायला निघालो. पहिली फेरी फुकट गेली, कारण प्रश्न ठरलेला होता: "आपल्याकडचं कल्चर कसं आहे?" हा प्रश्न ऐकताच शॉपफ्लोरवरचा माणूस ताठ उभा राहतो आणि चौथीतल्या मुलाने प्रतिज्ञा म्हणावी तसा "फॅमिली जैसा है सर" म्हणतो. स्टोअरमधले दांडिया बाजारातले काका तर माझ्या वडिलांचे मित्र. तेही मला मराठीत, डोळ्यांत डोळे घालून "फॅमिली" म्हणाले. ज्या माणसाने गेली कित्येक वर्षं परचेसवाल्याशी बोलणं टाकलं आहे, त्याने!

दुसऱ्या फेरीत प्रश्न बदलला. "काल सकाळी आल्यावर काय केलंस? मग काय झालं?" एवढंच. कालच्याबद्दल माणसाला फार खोटं बोलता येत नाही, कारण त्याने काल तयारी केलेली नसते. टेस्टिंगमधल्या एका पोराने, जो अजून सोडून गेला नव्हता, मला त्याचा कालचा दिवस सांगितला, आणि मी वही काढली.

काल सोळा इंची गेट व्हॉल्व्हची हायड्रो टेस्ट होती. ग्राहकाने नेमलेला इन्स्पेक्टर दहाला येणार होता, तो साडेअकराला आला. आल्यावर त्याने व्हॉल्व्हकडे पाहिलंच नाही, प्रेशर गेजवरचं कॅलिब्रेशनचं, म्हणजे गेजची अचूकता तपासल्याचं, स्टिकर पाहिलं. मुदत परवा संपली होती. मुदत संपलेल्या गेजवर केलेली टेस्ट म्हणजे न केलेली टेस्ट. इन्स्पेक्टर खुर्चीवर बसला, चहा आला, पोरगा दुसरा गेज आणायला स्टोअरकडे पळाला. स्टोअरमधल्या काकांनी आधी स्लिप मागितली.

गेज बसला. व्हॉल्व्हमध्ये पाणी भरलं आणि आतली हवा बाहेर काढली. ही हवा नीट काढावी लागते. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि आत अडकलेली हवा टेस्टच्या वेळी काहीतरी फुटलं तर गोळीसारखी सुटते. मग प्रेशर. हा व्हॉल्व्ह क्लास १५० चा, त्याची क्षमता २८५ पीएसआय, टेस्ट तिच्या दीडपट, म्हणजे ४२७.५, पुढच्या २५ च्या पटीपर्यंत वर गोल करून ४५०. या मापाला पाच मिनिटं थांबावं लागतं. पाच मिनिटं पोरगा, इन्स्पेक्टर आणि मदतनीस काट्याकडे बघत उभे. बूट ओले. बोलायचं नाही, कारण बोललं की लक्ष जातं. चौथ्या मिनिटाला बॉडीवर एका जागी ओल दिसली. पुसली, पुन्हा आली. टेस्टिंगवाले याला कास्टिंगला घाम आला म्हणतात. कास्टिंगमध्ये बारीक छिद्रं असली की पाणी असं झिरपतं. व्हॉल्व्ह रिजेक्ट.

बाहेर ट्रक उभा होता. मार्केटिंगचे साहेब खाली आले, मग शेठ आले. पोराने रिपोर्टवर "फेल" लिहिलं होतं. सगळे बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले आणि ट्रक त्या व्हॉल्व्हशिवाय गेला.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना सर. पण सहीची जागा माझी आहे. माझ्या सहीशिवाय गेटपास निघत नाही."

मी वही मिटली. "गुणवत्तेशी तडजोड नाही" हे वाक्य आमच्या गेटवर, कॅलेंडरवर आणि कँटीनच्या ट्रेवर छापलेलं आहे, आणि त्याचा आजवर कोणावर काडीचा परिणाम झालेला नाही. इथे बावीस वर्षांच्या पोराने शेठसमोर ट्रक व्हॉल्व्हशिवाय जाऊ दिला होता. हेच दाखवायचं.

स्क्रिप्ट लिहायला बसलो. कागदाचे दोन उभे भाग: डावीकडे दिसणार काय, उजवीकडे ऐकू येणार काय. नियम एकच ठेवला, डावीकडे जे दाखवता येत नाही ते उजवीकडे बोलायचं नाही. "आव्हान" दाखवता येत नाही, गेला. "परिवार" दाखवायचा तर स्टोअर आणि परचेस एका फ्रेममध्ये आणावं लागलं असतं, तोही गेला. दीड मिनिटाच्या फिल्मला बोलणं दीडशे शब्दांच्या वर नको, नाहीतर माणूस धापा टाकत वाचतो. शेवटी हे राहिलं:

"सकाळी साडेआठ. इन्स्पेक्टरची वाट बघायची. कधी तो वेळेवर येतो, कधी येत नाही. गेजचं स्टिकर आधी बघायचं. पाणी, प्रेशर, पाच मिनिटं काट्याकडे बघायचं. बहुतेक दिवस काहीच होत नाही. ज्या दिवशी होतं, त्या दिवशी ट्रक तुमच्या सहीसाठी थांबतो. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत रात्रीचे दहा वाजतात. त्याची बदली सुट्टी पुढच्या महिन्यात मिळते."

उशिराचं वाक्य मुद्दाम बदली सुट्टीच्या वाक्याआधी ठेवलं. शेवटी ठेवलं तर धमकी वाटते आणि अगदी सुरुवातीला ठेवलं तर माणूस फिल्म बंद करतो. "कधीकधी थोडा उशीर होतो" असंही लिहिलं नाही. उमेदवाराच्या घरी "कधीकधी" म्हणजे दिवाळीत एकदा, आमच्याकडे दर महिन्याला.

हे स्क्रिप्ट मी त्या पोराला वाचायला दिलं. सगळं वाचून तो शेवटच्या वाक्यावर अडला. "सर, बदली सुट्टी लिहिलीय."

"पॉलिसीत आहे ना."

"पॉलिसीत आहे. मला मिळाली नाही. कोणालाच मिळाली नाही."

कागद घेऊन शेठकडे गेलो. म्हटलं, साहेब, एकतर हे वाक्य काढायचं किंवा सुट्टी द्यायची. वाक्य काढलं तर दहा वाजण्याचं तेवढं राहतं. शेठनी दोन्हींचा हिशेब मनात केला आणि सुट्टी द्यायचं ठरलं. बदली सुट्टीचं सर्क्युलर निघालं ते असं, शूटिंगच्या आदल्या आठवड्यात. कामगारांनी तीन वर्षं मागूनही जे मिळालं नव्हतं, ते कॅमेऱ्याच्या धाकाने मिळालं.

शेठची खरी भीती वेगळी होती. "आवुं बतावशो तो कोण आवशे?" त्यावर मी त्यांना अमेरिकेतल्या जॉन वॅनस यांच्या १९७३ च्या अभ्यासाची गोष्ट सांगितली. टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्यांपैकी काहींना नेहमीची गोडगोड फिल्म दाखवली, काहींना कंटाळा आणि कडक देखरेखीसकट खरी. खरी पाहिलेल्यांनी नोकरी नाकारली नाही; फक्त त्यांच्या अपेक्षा जमिनीवर राहिल्या आणि नोकरी सोडायचा विचार त्यांच्या मनात कमी आला. शेठ म्हणाले, "अमेरिकामां चाले." पण नाही म्हणाले नाहीत.

शूटिंग हे खरं संकट. व्हिडिओवाला लग्नांचा. सकाळी मी पोहोचलो तर शेड धुऊन काढलेली, दारात कुंड्या आणि सगळे नव्या युनिफॉर्ममध्ये, घडीच्या रेघांसकट. टेस्ट बेंचचे ओले बूट कोणीतरी लपवले होते, ते मी शोधून परत आणले. व्हिडिओवाल्याने पोराला सांगितलं, "काट्याकडे बघून जरा स्माइल द्या." पोरगा म्हणाला, "काट्याकडे बघून हसलो तर इन्स्पेक्टर मला बाहेर काढेल." सेफ्टी ऑफिसरने तीनदा शूटिंग थांबवलं, कारण व्हिडिओवाल्याचा मदतनीस चपला घालून आला होता. व्हॉल्व्हच्या प्लेटवर ग्राहकाचं नाव होतं, ते झाकायला टेप लावली. टेप ओली होऊन पडली, पुन्हा लावली. शेडमधल्या आवाजात बोलणं ऐकूच येईना, म्हणून पोराचा आवाज दुपारी कँटीनच्या कोठारात, तांदळाच्या पोत्यांमध्ये रेकॉर्ड केला. तिथे प्रतिध्वनी येत नाही. पंप सुरू होण्याचा आणि पाणी सांडण्याचा खरा आवाज मात्र ठेवला, बासरी काढली. व्हिडिओवाल्याला बासरी जाण्याचं दुःख आजही आहे.

पाच मिनिटांची टेस्ट फिल्ममध्ये सात सेकंदांची झाली. पण त्या सात सेकंदांत काटा हलत नाही, कोणी बोलत नाही आणि संगीतही नाही. व्हिडिओवाला म्हणाला, "आमां कंई थतुं नथी." मी म्हटलं, तेच तर दाखवायचंय.

पहिल्या बॅचला फिल्म दाखवून झाली तेव्हा अर्ज थोडे कमी आले, हे खरं. दोघे तर फिल्म संपताच उठून गेले आणि मला त्यांना नंतर फोन करावा लागला नाही. मुलाखतीला आलेल्या एकीने पहिला प्रश्न पगाराचा विचारला नाही. म्हणाली, "सर, मुदत संपलेल्या गेजसाठी दुसरा गेज टेस्टिंगमध्येच का ठेवत नाही? स्लिप कशाला?"

मी स्टोअरमधल्या काकांना बोलावलं. काका म्हणाले, "पोरी, आधी जॉइन तर हो."