गुडघे वाकवू... नका

मेहुणीचा घसा बसला आणि त्याची झळ मला लागली. आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, डोंबिवलीत, ती रोज सकाळी सात वाजता ज्येष्ठांचा व्यायामवर्ग घेते. डॉक्टरांनी तिला आठ दिवस बोलायला बंदी घातली. वर्ग बंद ठेवायला ती तयार नव्हती. मग असं ठरलं की व्यायाम ती करून दाखवेल आणि सूचना मोबाइलवरून स्पीकरला लावायच्या. आवाज माझा आणि मजकूरही माझा, कारण "भावोजी, तुम्ही लिहिता ना?" असं तिने वहीत लिहून माझ्या नाकासमोर धरलं. मुक्या माणसाशी वाद घालता येत नाही.

तिच्या जुन्या टिपणांवरून मी एका रात्रीत मजकूर लिहिला आणि रेकॉर्डही केला. मराठी अगदी शुद्ध. काळजीच्या सूचना तर इतक्या की वकिलानेही मान डोलावली असती.

दुसऱ्या दिवशी आठ ज्येष्ठ खुर्च्यांची पाठ धरून उभे राहिले. पहिला व्यायाम एकेक पाय मागे उचलायचा. स्पीकरमधून माझा धीरगंभीर आवाज आला, "पाय मागे नेताना पुढे झुकू..." आणि आठही जण पुढे झुकले. "...नका," मी म्हणालो. ते सरळ झाले. "गुडघा वाकवू..." आठ गुडघे वाकले. "...नका." मेहुणी समोर दोन्ही हातांनी खुणा करत होती, पण सगळ्यांचं लक्ष स्पीकरकडे.

आपलं क्रियापद शेवटी येतं आणि 'नका' तर त्याच्याही नंतर. वाचताना काही बिघडत नाही, वाचणारा पूर्णविरामापर्यंत थांबतो. शरीर थांबत नाही. ते 'झुकू' ऐकून झुकून मोकळं होतं.

खरी परीक्षा पुढे होती, खुर्चीवरून उठबस. सगळे अर्धवट उठलेले असताना मी नेमकं वाचायला घेतलं होतं: "उठताना श्वास रोखून धरू नये, कारण श्वास रोखून जोर केल्यास रक्तदाब वाढण्याची शक्यता असते, विशेषतः ज्यांना तो त्रास आहे त्यांनी..." वाक्य संपेपर्यंत पुढचा आकडा नाही. आकडा नाही म्हणून उठणं नाही. आठ माणसं खुर्चीपासून वीतभर वर, मांड्या थरथरत, लक्ष देऊन ऐकत होती. आणि लक्ष देऊन ऐकताना माणूस काय करतो? श्वास रोखतो. तळमजल्यावरचे काका शेवटी धपकन बसले. "पुढचा आकडा येईना हो," ते म्हणाले, "मला वाटलं पॉवर गेली."

विश्रांतीचीही तीच गत. टिपणात '३० सेकंद विश्रांती' असं होतं. मी ते मोठ्याने वाचलं आणि लगेच पुढचा व्यायाम सुरू केला. 'डाव्या बाजूनेही असेच करावे' हे एका वाक्यात उरकलं, त्यामुळे त्या सकाळी अख्ख्या वर्गाचे फक्त उजवे पाय सुदृढ झाले.

मेहुणीने वहीत एकच शब्द लिहिला: 'परत.'

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. बायकोच्या हातात घड्याळ, मेहुणीच्या हातात वही, आणि उठबशा मला. पहिला नियम तिने असा लिहिला की व्यायाम चालू असताना वाक्य बोलायचं नाही, दोन-तीन शब्दच बोलायचे. मोबाइलवर मिनिटाला साठ ठोके लावले, म्हणजे एका सेकंदाला एक आकडा. चार आकड्यांत बसायचं, चारांत उठायचं. एक उठबस आठ सेकंदांची, आठ उठबशांना साधारण एक मिनिट. माझं रक्तदाबाचं वाक्य घड्याळ लावून वाचलं, तर ते पूर्ण दीड उठबस खात होतं.

मग सूचनांची वाटणी झाली. खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी, चाकांची नको, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं, हे सगळं सुरुवातीलाच, माणसं निवांत बसलेली असताना सांगायचं. तिथे कितीही लांब वाक्यं चालतील. हलताना फक्त 'श्वास सोडा', तेही 'उठा' या शब्दाच्या आधीच्या आकड्यावर. उठा म्हटल्यावर सांगितलं तर तोवर माणूस अर्धा उठलेला असतो, आणि ज्या क्षणी जोर लागतो तो निघून गेलेला असतो. आणि 'नका' हद्दपार. 'पुढे झुकू नका'च्या जागी 'छाती वर'. 'गुडघे आत वळू देऊ नका'च्या जागी 'गुडघे पावलांच्या रेषेत'.

एक ओळ शेवटी अशी झाली: "बसा, दोन, तीन, श्वास सोडा. उठा, दोन, तीन, एक झालं." कितवी उठबस ते शेवटच्या ठोक्यावर. आधी मी ते वेगळं मोजायचो आणि दोन मोजण्यांचा गुंता व्हायचा: चारातला तीन की आठातली तिसरी?

मी हौसेने वीस उठबशा सुचवून पाहिल्या. मेहुणीने नकारार्थी मान हलवली, पण त्याला आणखी एक अडचण मला तोंडाने मोजताना कळली. एक ते दहा हे आकडे एका ठोक्यात बसतात. 'सहा', 'नऊ' आणि 'दहा' यांना थोडा जास्त वेळ लागतो, तो चालून जातो. पण 'अकरा'पासून पाय ओढला जातो आणि 'एकोणीस' येईपर्यंत ठोका पुढे निघून जातो. म्हणून आठ-आठचे दोन हप्ते, मध्ये विश्रांती.

'शेवटची दोन' हे शब्दही तिने दोनदा अधोरेखित केले. ते ऐकलं की थकलेला माणूसही उरलेला जीव काढतो. मात्र ती खरंच शेवटची दोन असायला हवीत. मी रेकॉर्डिंगमध्ये मोजायला चुकून तिसरी करायला लावली, तर काका त्यानंतर दर 'शेवटची'ला दोन आकडे आधीच बसायला लागले. त्यांचा विश्वास परत मिळवायला चार दिवस गेले.

डाव्या पायाचं सगळं पुन्हा पूर्ण वाचलं, आकड्यांसकट. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हात जोडले. त्या म्हणाल्या, काल रात्रभर उजवाच दुखत होता.

राहिली विश्रांती. या वेळी मी तीस सेकंद खरोखर गप्प बसलो. वर्गात मात्र त्या शांततेत बाराव्या सेकंदाला कोणीतरी उठून मोबाइल बंद पडला का ते बघायला गेलं, आणि बघता बघता गाणंच लावून बसलं. म्हणून पुन्हा रेकॉर्डिंग: "विश्रांती, तीस सेकंद. बसून राहा, श्वास घेत राहा." मग शांतता, मग "अजून दहा." पहिल्या विश्रांतीत सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या विश्रांतीत, विसाव्या सेकंदाच्या आसपास, आमच्या स्वयंपाकघरातल्या कुकरने शिट्टी दिली. ती "अजून दहा"वर बरोबर चढली आणि माझे शब्द बुडाले. रात्रीचा एक वाजला होता (कुकर त्या वेळी का लावला, हे मी बायकोला विचारलं नाही). मी तसंच ठेवलं.

मेहुणीचा घसा आता ठणठणीत आहे. वर्ग पुन्हा तिच्याच आवाजात चालतो, मला सुटी मिळाली. पण काल ती घरी आली आणि जरा अवघडून म्हणाली, "भावोजी, ती तुमची फाइल आहे का अजून? सगळी नको. दुसऱ्या विश्रांतीत कोणी उठतच नाहीये. काका म्हणतात, शिट्टी झाली नाही अजून."